कृष्णेला त्रिभुज प्रदेश, सावित्रीला खाडी: असं का?

प्रश्न: महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणी उगम पावतात असं मानतात. कृष्णा पूर्वेकडे समुद्राला मिळताना त्रिभुज प्रदेश तयार करते, सावित्रीची मात्र बाणकोटला खाडी होते. शाळेत शिकवलं होतं की कोकणातल्या नद्या वेगवान असतात म्हणून त्यांच्या मुखाशी गाळ साचत नाही. पण मी बाणकोटला गेलो तर पाणी संथ आणि ओहोटीला गुडघाभर चिखल. मग खरं कारण काय? आणि समुद्रात नवी जमीन तयार होते म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तर:

तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा, पुस्तकावर थोडा कमी. सावित्री वेगवान आहे ती घाटात. महाबळेश्वरच्या तेराशे-चौदाशे मीटरवरून निघालेली ही नदी पोलादपूरला पोचेपर्यंत जवळजवळ सगळी उंची उतरून मोकळी होते. महाडच्या खाली तर ती नदी कमी आणि समुद्राची लांबलेली जीभ जास्त आहे. दासगाव, आंबेत, म्हाप्रळ, बाणकोट या सगळ्या टापूत पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं. तिथे उताराचा वेग मुळी उरलेलाच नसतो. त्यामुळे 'वेगवान म्हणून गाळ साचत नाही' हे कारण समुद्राजवळ लागू पडत नाही. गाळ साचतो, भरपूर साचतो. माझा निम्मा जन्म किनाऱ्यावरच्या पुलांसाठी आणि धक्क्यांसाठी जमिनीची तपासणी करण्यात गेला आहे. कोकणातल्या खाडीत बोअर घेतलं आणि पहिल्या दोन-चार मीटरांत खडक लागला, असं खाडीच्या मधोमध तरी फार क्वचित झालं. आधी काळा चिकट चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे, मधूनच कुजलेल्या लाकडाचा तुकडा, मग वाळू, मग गोटे, आणि मग केव्हातरी कुजलेला मुरूम आणि खाली काळा पाषाण. पंधरा-वीस मीटर गाळ म्हणजे नवल नाही.

त्या गोट्यांकडे जरा लक्ष द्या. नदीतले गोलसर गोटे समुद्रसपाटीच्या वीस मीटर खाली कसे आले? यातच अर्धं उत्तर आहे.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. तेव्हाचा कोकण किनारा आजच्या किनाऱ्याच्या शंभराहून अधिक किलोमीटर बाहेर होता. सावित्री बाणकोटला संपत नव्हती. ती पुढच्या उघड्या मैदानातून वाहत जात होती, आणि समुद्र खाली गेलेला असल्यामुळे आपलं खोरं खोल कोरत होती. गोटे त्या काळातले आहेत. मग बर्फ वितळला, समुद्र चढत चढत आत आला आणि साधारण सात-सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास येऊन थांबला. नदीनं कोरलेलं खोरं पाण्याखाली गेलं. खाडी म्हणजे हे बुडालेलं खोरं. दाभोळ, जयगड, राजपुरी, विजयदुर्ग, गोव्यातली मांडवी आणि झुआरी, सगळ्यांची जन्मकथा थोड्याफार फरकानं हीच.

पूर्व किनाऱ्यावर वेगळं काही घडलं का? नाही. समुद्र तिथेही तेवढाच चढला. सहा-सात हजार वर्षांपूर्वी कृष्णा आणि गोदावरीच्या मुखाशीही बुडालेली खोरी होतीच. त्या काळी कुणी बघायला असता तर त्याला दोन्ही किनाऱ्यांवर खाड्याच दिसल्या असत्या. फरक पडला तो नंतर. समुद्र थांबल्यापासून एका बाजूच्या नद्यांनी आपली खाडी भरून काढली आणि पुढे समुद्रातही पाय पसरले, दुसऱ्या बाजूच्या नद्यांना ते जमलं नाही. म्हणून खाडी आणि त्रिभुज प्रदेश या दोन वेगळ्या जाती आहेत असं मी मानत नाही. मला त्या एकाच कामाच्या दोन अवस्था वाटतात. प्रश्न असा की सावित्रीचं काम कुठे अडलं.

पहिली शंका साहजिकच गाळाच्या पुरवठ्यावर येते. कृष्णेचं पाणलोट क्षेत्र सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर आहे, सावित्रीचं त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. पण नुसतं 'गाळ कमी' म्हणून सुटका होत नाही. एक ढोबळ हिशेब करून पाहू. आकडे मी गोल धरतोय, मोजलेले नाहीत. समजा बुडालेलं खोरं ४० किलोमीटर लांब, सरासरी ७०० मीटर रुंद आणि २० मीटर खोल होतं. म्हणजे भरायची जागा ५६ कोटी घनमीटर. समजा नदी वर्षाला १० लाख टन गाळ आणते. बसलेल्या गाळाच्या एका घनमीटरात साधारण १.३ टन कोरडा गाळ धरला तर हे झाले पावणेआठ लाख घनमीटर. त्यातला निम्मा गाळ आत राहिला आणि निम्मा समुद्रात गेला असं धरलं तरी खाडी भरायला दीड हजार वर्षं पुरतात. आणि समुद्र थांबून तर सहा हजारांवर वर्षं झाली. माझे आकडे दुपटीनं चुकले तरी खाडी आतापर्यंत भरून तिथे भातशेती व्हायला हवी होती.

बोअरमधला वीस मीटरचा चिखल हेच सांगतो: खाडी बरीचशी भरलेलीच आहे. आपल्याला पाण्याचा रुंद पट्टा दिसतो म्हणून ती रिकामी वाटते. खरं तर उरलेली आहे ती पाण्याला ये-जा करायची वाट, आणि ती वाट नदी मोकळी ठेवत नाही, भरती-ओहोटी ठेवते.

हा मुद्दा नीट कळण्यासाठी आणखी एक गुणाकार. खाडीचं पाणी २० चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि भरती-ओहोटीत अडीच मीटरचा फरक आहे असं धरा. म्हणजे प्रत्येक भरतीला पाच कोटी घनमीटर पाणी मुखातून आत येतं आणि सहा तासांनी बाहेर जातं. सेकंदाला सरासरी सव्वादोन हजार घनमीटर. मे महिन्यात वरून येणारी सावित्री म्हणजे खडकांमधून वाट काढणारं ओहळाएवढं पाणी. त्या दिवसांत मुखाशी जो प्रवाह बोटींना ओढतो तो शंभर टक्के समुद्राचा असतो. मुखाचा काटछेद किती मोठा राहील हे या येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यावर ठरतं. गाळ साचून वाट अरुंद झाली की तेच पाणी कमी जागेतून जायला बघतं, वेग वाढतो आणि साचलेलं पुन्हा उखडलं जातं. बाणकोटच्या बाजूला उधाणाला फरक तीन मीटरच्या आसपास जातो, मुंबईला त्याहूनही जास्त. कृष्णेच्या मुखाशी तो दीड मीटरच्या आतबाहेर. तिथे समुद्राच्या हातात खराटाच लहान आहे.

गाळाचा पुरवठा हे एकटं कारण नसतं याचा पुरावा हवा असेल तर नर्मदा बघा. ती सावित्रीसारखी छोटी नाही. धरणं होण्यापूर्वी ती मुबलक गाळ आणत असे. तरीही तिला खाडीच आहे, कारण ती ज्या खंबायतच्या आखातात उतरते तिथल्या भरतीचा फरक जगातल्या मोठ्या फरकांपैकी आहे, आखाताच्या आतल्या टोकाला तर तो दहा मीटरच्या घरात जातो. आणलेला गाळ मुखाशी बसूच दिला जात नाही.

आता गाळ बसतो म्हणजे काय होतं ते पाहू, कारण तुमचा चिखलाचा अनुभव त्यातूनच समजेल. दहा मीटर खोल स्थिर पाण्यात ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण टाकला तर तो आठ-दहा मिनिटांत तळाशी जातो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा पोयट्याचा कण आठेक तास घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा, म्हणजे चिकणमातीचा कण, महिनाभर घेतो. नदीचं पाणी महिनाभर स्थिर राहत नाही. म्हणजे चिकणमाती खरं तर सगळी समुद्रात निघून जायला हवी. ती जात नाही याचं कारण मीठ. गोड्या पाण्यात या कणांवरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. थोडंसं खारं पाणी मिसळलं की तो अडसर कमी होतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके काही तासांत खाली बसतात. दुधात लिंबू पिळल्यावर जसं फाटतं तसं डोळ्यांना दिसणारं काही होत नाही, पण हिशेब तसाच आहे. जिथे गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे खाडी सर्वांत गढूळ असते आणि चिखलही तिथेच जास्त. नदी कमी असली की ही जागा आत सरकते, पावसाळ्यात मुखाकडे येते.

दुसरी गोष्ट, गोडं पाणी हलकं आणि खारं जड. दोन्ही लगेच मिसळत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस खाडीत जाळं टाकणाऱ्या माणसाला विचारा. वरचं पाणी समुद्राकडे चाललेलं असतं आणि जाळ्याचा खालचा भाग आतल्या बाजूला ओढला जातो, हे त्याला ठाऊक असतं. तळाशी बसायला निघालेला गाळ या खालच्या प्रवाहात सापडला की पुन्हा आत येतो. त्यात उथळ खाडीची आणखी एक खोड आहे. आत जावं तसतशी भरती लवकर चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते. चढायला साडेचार तास आणि उतरायला आठ, असं काही ठिकाणी दिसतं. तेवढंच पाणी कमी वेळात आत येतं म्हणजे भरतीचा वेग जास्त, आणि गाळ आत ढकलला जातो. वर्षाचे आठ महिने कोकणातली खाडी अशी समुद्राकडून गाळ घेते. उरलेल्या चार महिन्यांत मोठे पूर आले की ती बराच गाळ बाहेर फेकते. तुम्ही बाणकोटला गेलात तो बहुधा हिवाळा किंवा उन्हाळा असणार.

बाहेर फेकलेल्या गाळाचं मुखासमोर बेट का होत नाही? बारीक चिखल पावसाळी लाटा बसू देत नाहीत, तो दूर जाऊन खोल पाण्यात बसतो. वाळू थोडी असते, आणि तिला लाटा परत किनाऱ्याकडेच ढकलतात. म्हणून कोकणात नदीच्या तोंडावर वाळूचा दांडा दिसतो. मालवणजवळचं देवबाग असंच आहे, एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधे अरुंद वाळूच्या पट्टीवर गाव. ही नवी जमीनच आहे, पण ती नदीनं पुढे सरकून केलेली नाही. लाटांनी वाळू लोटून नदीचं तोंड अर्धं झाकलंय.

कोकणात त्रिभुज प्रदेश नाहीतच, असं म्हणणंही मला पटत नाही. ते आहेत, फक्त आपण चुकीच्या जागी शोधतो. सावित्री ज्या ठिकाणी स्थिर पाण्याला पहिल्यांदा भेटते ती जागा बाणकोट नव्हे. ती जागा खाडीच्या वरच्या टोकाला, महाड-दासगावच्या टापूत आहे. तिथे नदी आपली जाडी वाळू आणि गोटे टाकते. पात्र उथळ होतं, फाटे फुटतात, मधे जुवे, म्हणजे गाळाची बेटं, उभे राहतात. हा तिचा लहानसा त्रिभुज प्रदेश, खाडीच्या आत दडलेला. तो कणाकणानं समुद्राकडे सरकतो आहे. महाडच्या पुराच्या गोष्टीत 'नदीत गाळ साठलाय' हे वाक्य नेहमी येतं ते यामुळे. शहर अशा जागी वसलंय जिथे नदीनं गाळ टाकणं हा तिचा स्वभाव आहे. गाळ काढला की काही काळ पाण्याला वाट मिळते, पण वरून येणारा गाळ थांबत नाही. आणि वरून पूर उतरत असताना खालून उधाणाची भरती चढली तर पाण्याला जायला जागाच राहत नाही.

खाडी बिघडते कशी, तेही इथेच सांगून टाकतो. काठावरच्या खाजणाला, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या सखल जमिनीला, बांध घालून आत भातशेती किंवा कोळंबीची तळी केली की भरतीचं पाणी तेवढ्या जागेत शिरत नाही. मुखातून जा-ये करणारं पाणी घटतं, म्हणजे वाट मोकळी ठेवणारा खराटा लहान होतो. काही वर्षांनी मुखाशी रेती चढते आणि बोटवाले तक्रार करू लागतात. मग मुखाशी ड्रेजर लावतात. मी एका ठिकाणी पाहिलंय, मार्चमध्ये काढलेला चर ऑक्टोबरमध्ये शोधूनही सापडला नाही. मुख खोल केलं म्हणून आत येणारं पाणी वाढत नाही, त्यामुळे खाडी आपल्या मापाला परत येते. बांध वर आत घातलेला असतो आणि त्याचा परिणाम खाली मुखाशी दिसतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध जोडायला कुणी तयार नसतं.

आता पूर्वेकडे जाऊ. इथे मी कृष्णेऐवजी गोदावरी घेतो. तीही आपलीच, त्र्यंबकेश्वरची, आणि तिच्या गाळाचा हिशेब जास्त स्पष्ट मांडता येतो. पापीकोंडाच्या डोंगरांतून बाहेर पडून ती राजमहेंद्रीला सपाटीवर येते. थोडं खाली धवळेश्वरम आहे, जिथे आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्यानं १८५२ मध्ये बंधारा पुरा केला. तिथून तिचे फाटे सुटतात: गौतमी, वसिष्ठा, वैनतेया. गौतमी आणि वसिष्ठा यांच्या मधल्या भागाला कोनसीमा म्हणतात. नारळाच्या बागा, पाण्याचे पाट, चिंचोळे रस्ते. मराठी माणसाला पहिल्यांदा वाटतं कोकणात आलो. फरक एवढाच की कुठेही डोंगर दिसत नाही आणि पायाखाली कितीही खणा, दगड लागत नाही.

ही जमीन अशी तयार होते. पुराचं पाणी मुखातून समुद्रात शिरलं की पिचकारीसारखं पसरतं आणि वेग सोडतं. सर्वांत जाड वाळू मुखाच्या थोडं पुढे, मधोमध पडते. तिचा उंचवटा होतो. पुढच्या पुराचं पाणी या उंचवट्याला अडखळून दोन्ही बाजूंनी जातं. एका मुखाची दोन मुखं झाली. उंचवट्यावर आणखी गाळ बसतो, ओहोटीला तो उघडा पडू लागतो, त्यावर तिवरं रुजतात, त्यांची मुळं चिखल धरतात, आणि बेट झालं. मग त्या दोन मुखांच्या पुढे हाच खेळ पुन्हा. दरम्यान फाट्याच्या काठांवरही काम चालू असतं. पूर काठावरून ओसंडला की पाण्याचा वेग काठावरच मोडतो, जाडा गाळ तिथेच पडतो. त्यामुळे काठ उंच होत जातो आणि काठामागची जमीन सखल राहते. गावं काठावर, भात सखल भागात, अशी रचना तिथे आपोआप झालेली दिसते.

पण फाटा लांबत गेला की त्याचा उतार कमी होतो. समुद्र गाठायला पूर्वी पन्नास किलोमीटर पुरत होते, आता सत्तर लागतात, आणि उंची तेवढीच. पाणी मंदावतं, पात्रातच गाळ बसतो, तळ वर येतो. शेवटी एखाद्या मोठ्या पुरात नदी वरच कुठेतरी काठ फोडते आणि जवळची, उताराची नवी वाट धरते. जुना फाटा हळूहळू मरतो. नवी नदी नव्या ठिकाणी पंखा पसरू लागते. त्रिभुज प्रदेश म्हणजे असे एकाला एक जोडलेले, एकमेकांवर चढलेले पंखे. आणि सगळी जागा सारखी भरत नाही. कृष्णा आणि गोदावरी यांच्या पंख्यांच्या मधोमध कोल्लेरू सरोवर आहे. ते आज गोडं आहे आणि समुद्रापासून आत आहे, पण मुळात दोन्हीकडून जमीन पुढे येत गेली आणि मधे जो समुद्राचा तुकडा अडकला, तो हा.

इथेही हिशेब जुळतो का पाहू. धरणांचा परिणाम आजच्याएवढा नव्हता तेव्हा, १९७०च्या दशकात, गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ खाली आणत होती. आधी सावित्रीसाठी धरलेल्या दहा लाख टनांच्या दीडशेपट. घनमीटरमध्ये साधारण साडेअकरा कोटी. यातला पाचवा हिस्सा किनाऱ्याजवळ राहिला आणि तिथे समुद्र दहा मीटर खोल असला, तर वर्षाला सव्वादोन चौरस किलोमीटर जमीन. प्रत्यक्षात गोदावरीचा त्रिभुज प्रदेश पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो सहाएक हजार वर्षांत झाला, म्हणजे वर्षाला एक चौरस किलोमीटरपेक्षा थोडं कमी. जुन्या काळी जंगल जास्त आणि नांगरलेली जमीन कमी, त्यामुळे गाळही कमी असणार. एवढ्या ढोबळ गणितात हे उत्तर मला समाधानकारक वाटतं.

त्या गाळाचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज आहे. नाशिक, नगर, मराठवाडा, विदर्भ इथल्या शिवारातली माती कोनसीमेत भात पिकवते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

गोदावरीच्या मुखाशी लाटांचंही काम बघण्यासारखं आहे. नैर्ऋत्येकडच्या लाटा तिथल्या किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळूला ईशान्येकडे चालवत नेतात. गौतमीनं टाकलेली वाळू अशी उत्तरेला सरकत गेली आणि काकिनाड्यासमोर पंधरा-सोळा किलोमीटर लांबीचा दांडा उभा राहिला. त्याला होप आयलंड म्हणतात. तो फार जुना नाही, गेल्या दोनेक शतकांत वाढलेला आहे. त्याच्या आडोशाला काकिनाड्याचा उपसागर लाटांपासून सुरक्षित झाला, तिथे चिखल बसला आणि कोरिंगाचं तिवरांचं जंगल वाढलं. वाळू बाहेर, चिखल आत: वाळूला लाट चालवते, चिखलाला शांतता लागते. आडोसा मिळाला त्याचीही किंमत कुठेतरी मोजावी लागते. दांड्याच्या उत्तरेला उप्पाडा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, तिथला किनारा सतत खचतो आहे. दक्षिणेकडून येणारी वाळू आधीच अडली, की पुढच्या किनाऱ्याला लाटा तर मिळतात, वाळू मिळत नाही.

लाटांनी रचलेली हीच वाळू आतल्या भागात जुन्या किनाऱ्यांच्या रांगा सोडून गेली आहे. नकाशावर समुद्राला समांतर, एकामागे एक बारीक उंचवटे दिसतात. त्यांच्यावर वस्ती आणि काजू-नारळ, दोन उंचवट्यांच्या मधे भात. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशी जमीन किती पुढे आली ते त्यावरून वाचता येतं.

आता मात्र गोष्ट उलट फिरली आहे. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं, खाली श्रीराम सागर आला. कृष्णेवर नागार्जुन सागर, श्रीशैलम, अलमट्टी, आणि भीमेवर उजनी. गाळ धरणांत बसतो. गोदावरीचा गाळ या शतकाच्या सुरुवातीला सहा कोटी टनांच्या आत आला. कृष्णेचा तर लाखांत मोजावा इतका उरला. नदी थांबली म्हणून समुद्र थांबत नाही, लाटा पूर्वीइतकीच वाळू नेतात. शिवाय ताजा चिखल पाण्यानं भरलेला असतो. वरचं वजन वाढतं तसं त्यातलं पाणी पिळून निघतं आणि जमीन खाली बसते. पूर्वी दर पुराला नवा थर यायचा आणि बसलेली उंची भरून निघायची. आता पूर बांधांच्या आत आणि गाळ धरणांच्या मागे, त्यामुळे जमीन बसते ती बसतेच. विहिरीचं पाणी मचूळ होऊ लागलं, बांधाच्या आतली तिवरं उभ्याउभ्या वाळली, किनाऱ्याची सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झाली, की समजावं जमा थांबली आणि खर्च चालू आहे.

पुन्हा बाणकोटला जाल तेव्हा उधाणाच्या ओहोटीची वेळ साधा, अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, ओहोटीला फारसं काही उघडं पडत नाही. सोबत तीन प्लास्टिकच्या पिशव्या घ्या. पहिली मूठ मुखाजवळ वेळासच्या बाजूच्या वाळूची घ्या, दुसरी आंबेत-म्हाप्रळच्या काठावरची, तिसरी दासगावच्या वर नदीच्या पात्रातली. घरी आणून धुवा आणि पांढऱ्या कागदावर वाळवा. पहिलीत शिंपल्यांचा चुरा चमकेल, तो समुद्राकडून आलाय. तिसरीत काळे आणि तांबूस दगडांचे कण असतील, ते सह्याद्रीचे. मधली धुताना बादली काळी होईल आणि हाताला जवळजवळ काहीच लागणार नाही. चिकणमाती ती. बादलीतल्या त्या गढूळ पाण्याचे दोन ग्लास भरा, एकात चिमूटभर मीठ टाका आणि रात्रभर ठेवा. पण मधला नमुना खाऱ्या पाण्यातला आहे, म्हणून त्याला आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर दोन्ही ग्लास सारखेच निवळतील आणि तुम्ही मला खोटं ठरवाल.